उभी रेघ आणि उलटा ई: शब्दकोशातला उच्चार वाचताना

उद्योजकासाठीचा इंग्रजी शब्द मराठी माणसांच्या तोंडून किती तऱ्हांनी ऐकू येतो: आंत्रप्रुनर, आंत्रप्रेन्युअर, एन्टरप्रिनर. स्पेलिंगकडे बघून उच्चार ठरवायचा म्हटलं तर यातल्या प्रत्येकाला थोडाफार आधार सापडतो. शब्दकोशात मात्र त्या शब्दापुढे दोन तिरप्या रेघांमध्ये /ˌɒntrəprəˈnɜː(r)/ असं छापलेलं असतं. ही चिन्हं वाचता आली तर ध्वनिफीत नसली, मोबाइल जवळ नसला, तरी उच्चार हाती लागतो.

ही चिन्हं आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीची. 1886 साली पॅरिसमध्ये पॉल पासी यांच्या पुढाकाराने भाषाशिक्षकांचा एक गट जमला आणि 1888 मध्ये त्यांनी तिचा पहिला तक्ता प्रसिद्ध केला. म्हणजे ती जन्माला आली वर्गातल्या गरजेपोटी. एका ध्वनीला एकच चिन्ह, हा तिचा पाया. आपली देवनागरी याच्या बरीच जवळ जाते, पण पूर्णपणे नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ मधला च आपण वेगवेगळा उच्चारतो, लिहितो मात्र सारखाच. म्हणूनच इंग्रजी उच्चार देवनागरीत दिलेला असला, तरी त्यात काही गोष्टी निसटतात.

सगळ्यात जास्त काय निसटतं, तर आघात. मराठीत शब्दातल्या अक्षरांना आपण साधारण सारखंच वजन देतो आणि त्यामुळे अर्थ बिघडत नाही. इंग्रजीत एक अक्षर ठळक उठतं आणि बाकीची मागे सरतात. चुकीचं अक्षर उठलं, तर सगळे ध्वनी बरोबर असूनही ऐकणारा गोंधळतो. हा आघात दाखवते वरच्या बाजूची बारीक उभी रेघ, ˈ. ती ज्या अक्षरावर आघात आहे त्याच्या आधी येते, नंतर नाही. अनेक जुन्या कोशांत ती अक्षरानंतर छापत असत, त्यामुळे कोश जुना असेल तर प्रस्तावनेतला तक्ता बघूनच पुढे जावं. खालच्या बाजूची रेघ, ˌ, म्हणजे दुय्यम आघात.

आघात द्यायचा म्हणजे ओरडायचं नाही. ते अक्षर किंचित लांबवायचं, आवाजाची पट्टी थोडी वर न्यायची, आणि शेजारची अक्षरं भरभर उरकायची.

उरकलेल्या त्या अक्षरांत बहुतेक वेळा एक चिन्ह दिसतं, ə, उलटा केलेला ई. हा इंग्रजीतला सर्वांत जास्त वापरला जाणारा स्वर. मराठी वाचकाला तो अवघड जाऊ नये, कारण आपला ऱ्हस्व, हलका अ त्याच्या अगदी जवळचा आहे. अडचण अशी की स्पेलिंगमध्ये तिथे ए, ई, ओ, यू असं काहीही असू शकतं, आणि शाळेत प्रत्येक अक्षर ‘पूर्ण’ म्हणायची सवय लागलेली असते. त्याच्याच जवळचा दुसरा स्वर ʌ. ‘वर’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा उच्चार /əˈbʌv/ असा दिलेला असतो. देवनागरीत लिहिताना दोन्ही ठिकाणी अ येतो, पण पहिला जेमतेम ऐकू येतो आणि दुसऱ्यावर शब्दाचा सगळा भार असतो.

आता उद्योजकाचा शब्द सोडवू. आधी स्वर मोजायचे: ɒ, ə, ə, ɜː. स्वर चार, म्हणून अक्षरं चार. त्यांतलं पहिलं ‘ऑन्’ असं, त्यावर दुय्यम आघात. पुढची दोन ‘ट्र’ आणि ‘प्र’, दोन्ही हलकी. शेवटच्या अक्षरात मुख्य आघात आणि ɜː हा स्वर: अ म्हणायला तोंड उघडायचं तेवढंच उघडायचं आणि तो अ तसाच लांबवायचा, आ होऊ द्यायचा नाही. पुढचे दोन बारीक त्रिकोण दीर्घत्वाचे. घाईत ते विसर्गासारखे दिसतात, पण तिथे ‘ह’ अजिबात नाही. कंसातला r ब्रिटिश उच्चारात पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तरच ऐकू येतो, अमेरिकन उच्चारात नेहमी.

तुकडे कळले तरी जोडताना जीभ अडखळते. अशा वेळी शेवटापासून बांधत यावं: आधी नुसतं ˈnɜː, मग prəˈnɜː, मग trəprəˈnɜː, शेवटी पूर्ण शब्द. सुरुवातीपासून वाचलं तर आघाताच्या अक्षरापर्यंत पोचेतो दम संपतो आणि भार भलतीकडेच पडतो. मागून आलं की तो जागेवर राहतो.

आघात सरकला की स्वरही बदलतात, हे छायाचित्राच्या शब्दकुळात स्पष्ट दिसतं. छायाचित्र /ˈfəʊtəɡrɑːf/, छायाचित्रकार /fəˈtɒɡrəfə(r)/. पहिल्यातला ‘फो’ दुसऱ्यात नुसता ‘फ’ झाला आणि ‘ट’ चा ‘टॉ’ झाला. ‘फोटोग्राफर’ असं सरळ म्हणणाऱ्याला हे चमत्कारिक वाटेल, पण उभी रेघ कुठे सरकली ते बघितलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

व्यंजनांत मराठी वाचकाला हमखास फसवणारं चिन्ह j. ध्वनिलिपीत तो य आहे. /jes/ म्हणजे ‘येस’. जगमधला ज dʒ असा लिहितात. मेरियम-वेब्स्टरच्या अमेरिकन कोशांत मात्र स्वतंत्र पद्धत आहे आणि तिथे j म्हणजे खरोखर ज. एका कोशाची सवय घेऊन दुसरा उघडला की चूक होते ती इथेच.

दुसरी जागा θ आणि ð. आपण त्यांना थ आणि द समजतो. थ म्हणताना जीभ दातांना टेकून हवा क्षणभर अडवते आणि सोडते, म्हणून थ लांबवता येत नाही. θ मध्ये जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला हलकं टेकतं आणि फटीतून हवा सतत वाहते. श्वास पुरेल तितका वेळ तो ध्वनी चालू ठेवता आला, तर तो जमला. तसाच तो चालू ठेवून गळ्यात आवाज मिसळला की ð. गळ्यावर बोटं ठेवली तर कंप जाणवतो. याच युक्तीने श लांबवत आवाज मिसळला की ʒ मिळतो, मोजमाप या अर्थाच्या /ˈmeʒə(r)/ मधला.

आपलं वाचन बरोबर आहे का, हे बघायला आपल्याला पक्के माहीत असलेले शब्द उपयोगी पडतात. स्पेलिंग हाताने झाकून फक्त चिन्हं वाचायची आणि मग शब्द ओळखू येतो का बघायचं. /ˈkɜːnl/ वाचून ‘कर्नल’ सापडला, तर दीर्घ ɜː आणि स्वराशिवाय येणारा शेवटचा l दोन्ही समजले. त्यानंतर अनोळखी शब्द घ्यावा. साहित्याच्या विद्यार्थ्यांना भेटणारा, अतिशयोक्तीसाठीचा /haɪˈpɜːbəli/ घ्या. स्पेलिंग बघून ‘हायपरबोल’ वाटतो, चिन्हं वाचली तर चार अक्षरं आणि शेवटी ‘ली’ निघतं.

चिन्हं सगळंच सांगत नाहीत, हेही माहीत हवं. कोशातलं लेखन अर्थाला लागणारे ध्वनी दाखवतं, बारकावे वगळतं. इंग्रज माणूस शब्दाच्या सुरुवातीच्या p बरोबर हवेचा झोत सोडतो, आपला प तसा नसतो. त्या झोतासाठी /pɪn/ मध्ये काही लिहिलेलं नाही. इंग्रजी t साठी जीभ दातांच्या मागच्या उंचवट्याला टेकते, आपल्या ट साठी ती त्याहून मागे वळते, आणि तेही चिन्हावरून कळत नाही. बोलताना ‘फॉर’ सारखे छोटे शब्द बहुधा दुबळ्या रूपात येतात. कोश /fɔː(r)/ आणि /fə(r)/ अशी दोन्ही रूपं देतो, पण वाक्यात कुठे कोणतं घ्यायचं ते इंग्रजी बोलणं कानावर पडतं तसंच उमजत जातं.