दोन मिलिलिटरचा हिशेब

चौदा महिन्यांची, दहा किलो वजनाची एक मुलगी डोळ्यांसमोर आणू. तीन दिवस १०२ ताप आहे, पण सर्दी-खोकला नाही. लघवीच्या तपासणीत पूपेशी दिसतात. प्रतिजैविक सुरू करण्याआधीच कल्चरसाठी लघवी घेतलेली असते, कारण औषधाचा एक डोस पोटात गेला तरी जंतू वाढत नाहीत आणि मग नेमके औषध कळत नाही. मुलगी ओकते आहे, म्हणून सलाइनमधून सेफ्ट्रायक्झोन सुरू होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरतो, ती पुन्हा दूध पिऊ लागते. तिसऱ्या दिवशी कल्चरचा अहवाल येतो: ई. कोलाय, सेफिक्झिमला दाद देणारा. आता सुई कशासाठी? हा प्रश्न पिट्सबर्गच्या अलेहांद्रो होबर्मन यांच्या चमूने दोन वर्षांच्या आतल्या तापाच्या ३०६ मुलांवर तपासला. काहींना पहिल्यापासून तोंडाने सेफिक्झिम दिले, काहींना तीन दिवस इंजेक्शन आणि मग तेच सिरप. १९९९ मध्ये निष्कर्ष छापून आला: ताप दोन्हीकडे साधारण एका दिवसात उतरला, मूत्रपिंडावर राहणाऱ्या व्रणांतही लक्षणीय फरक नव्हता. मात्र दोन महिन्यांच्या आतले, सतत ओकणारे किंवा मलूल पडलेले बाळ असेल तर इंजेक्शनच हवे.

सेफिक्झिमचा नेहमीचा डोस दिवसाला किलोमागे ८ मिलिग्रॅम. दहा किलोला ८० होतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळ ४०-४०. बाटलीवर '५ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम' असेल तर एका वेळी २ मिलिलिटर. '५० मिलिग्रॅम' असेल तर ४. गफलत होते ती इथेच. दुकानदाराने दुसरी बाटली दिली आणि आईने जुनेच माप धरले, तर डोस निम्मा किंवा दुप्पट होतो. शिवाय घरातले चमचे सारखे नसतात, म्हणून आखणी असलेली सिरिंजच वापरावी.

सेफॅलेक्सिनचे गणित अगदी वेगळे. किलोमागे दिवसाला ५० ते १०० मिलिग्रॅम, तेही तीन-चार वेळा विभागून, कारण ते शरीरातून लवकर निघून जाते. ५० धरले तर याच मुलीला दिवसाला ५०० मिलिग्रॅम लागतील. एकाचे माप दुसऱ्याला लावायचे नाही. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा या गटाच्या औषधांची ॲलर्जी असेल, तर निर्णय डॉक्टरांनी नव्याने घ्यायचा.

तापासह झालेल्या संसर्गाला एकूण सात ते दहा दिवस औषध देतात, आणि इंजेक्शनचे दिवस त्यातच मोजतात. हिला दहा दिवस ठरले, त्यांतले दोन इंजेक्शनचे, उरले आठ. सेफ्ट्रायक्झोन दिवसातून एकदाच देतात, म्हणून शेवटच्या सुईनंतर चोवीस तासांनी सिरपचा पहिला डोस. रोज ४ मिलिलिटरप्रमाणे आठ दिवसांना ३२ मिलिलिटर लागते. बाटली ३० ची असेल तर शेवटच्या संध्याकाळी ती रिकामी होते आणि बहुतेक घरांत औषध तिथेच थांबते. दुसरी बाटली आधीच आणून ठेवावी. पावडरमध्ये पाणी मात्र गरज पडेल तेव्हाच, उकळून गार केलेले, खुणेपर्यंत घालावे.

सिरपवर ४८ तासांनंतरही ताप टिकला किंवा पुन्हा चढला, तर डोस वाढवत बसू नये. जंतू औषधाला जुमानत नसेल किंवा लघवीच्या वाटेत अडथळा असेल; कल्चर पुन्हा पाहून सोनोग्राफी करावी लागते.