शंभराजवळचे गुणाकार आणि नवाची आंधळी कसोटी

शाहूपुरीसारख्या व्यापारी पेठेत सवायकी, दिडकी, अडीचकी यांचे तोंडी हिशेब एके काळी नित्याचे होते. आमच्या निवासी शाळेतील विद्यार्थ्यांसाठी आम्ही तोंडी गणिताची स्लाइडमाला तयार केली, तेव्हा तिचा आरंभ अशाच सोप्या युक्त्यांनी केला. प्रत्येक स्लाइडवर एक युक्ती आणि एक सोडवलेले उदाहरण आहे. पाचाने गुणायचे असेल तर संख्येची निमपट करून दहाने गुणावे: ४८ × ५ म्हणजे २४ दहा, २४०. अशा स्लाइडवर अधिक बोलण्याची गरज पडत नाही. शंभराजवळच्या संख्यांची स्लाइड मात्र निराळी आहे.

भारती कृष्ण तीर्थ यांच्या १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे ही युक्ती ‘निखिलम्’ या नावाने सर्वत्र पोहोचली. ९८ × ९७ घेऊ. शंभराला पहिली संख्या २ ने कमी, दुसरी ३ ने कमी. ९८ मधून ३ वजा केले की ९५ उरतात; २ × ३ = ६. आता पुष्कळ मुले ९५ पुढे ६ मांडून ९५६ लिहितात. वास्तविक ९८ × ९७ म्हणजे ९८०० मधून ९८ ची तिप्पट, म्हणजेच ३०० उणे ६, वजा करणे. त्यामुळे ९५०० अधिक ६ उरतात. ९५ हे शतक आहेत. त्यांच्या उजवीकडे दोन घरे हवीतच. उत्तर ९५०६.

८८ × ८७ मध्ये उलट घडते. कमतरता १२ आणि १३. डावीकडे ७५ आणि उजवीकडे १५६ येतात. तीन अंक दोन घरांत मावत नाहीत, म्हणून शेकड्याचा १ डावीकडे जातो: ७६५६. घाईत मात्र ७५१५६ लिहिले जाते.

ताळा पाहण्यासाठी मुले अंकांची बेरीज करतात. ९८ चे ८, ९७ चे ७. गुणाकार ५६, त्याचे २. ९५०६ चेही २ येतात. पण ९५६ चेही २ च येतात! ७६५६ आणि ७५१५६ या दोहोंचे ६. दहा, शंभर, हजार यांना नवाने भागल्यास बाकी नेहमी १ उरते, म्हणून या कसोटीला अंक दिसतात, त्यांची घरे दिसत नाहीत. आणि या युक्तीत चूक होते ती नेमकी घरांचीच.

म्हणून स्लाइडवर उदाहरणाच्या आधी अंदाजाची एक ओळ आम्ही घातली. ९८ × ९७ दहा हजारांच्या जरा खाली असणार. ९५६ तेथे बसत नाही. ८८ × ८७ हे ९० × ९० = ८१०० पेक्षा कमी; ७५१५६ अशक्य.

एक मर्यादाही नोंदवली आहे. ६२ × ९४ मध्ये या रीतीने ३८ × ६ करावे लागते. त्यापेक्षा ६२०० मधून ३७२ वजा करून ५८२८ मिळवणे आम्हांस अधिक सोपे वाटते.