मुंबईला पोचायला पावणेपाच तास
लेखमाला: धरणीकंप, भाग सातवा

मागच्या भागात आपण 22 मे 1997 चा जबलपूरचा भूकंप पाहिला. आपल्याकडे जमीन हलली की भिंतीला तडे जातात, कौले सरकतात आणि गोष्ट तिथेच संपते. समुद्राखाली मात्र धक्का थांबल्यावर दुसरी गोष्ट सुरू होते. मराठी माणसांना तिचा फटका एकदा बसला आहे, पण फार थोड्यांना तो आठवतो.

28 नोव्हेंबर 1945. पहाटे साडेतीनच्या सुमारास मकरानच्या किनाऱ्याजवळ, आजच्या पाकिस्तानातल्या पसनी गावापाशी, सुमारे 8.1 तीव्रतेचा भूकंप झाला. पसनी-ओरमारा भागाला लाटेने लगेच झोडपले. मुंबईत ती पोचली सकाळी सव्वाआठच्या आसपास. तिथे पाणी साधारण दोन मीटर चढले आणि वर्सोवा, हाजी अली या भागांतली मिळून पंधरा माणसे वाहून गेली, अशी नोंद आहे.

आधी लाट उठली कशी ते पाहू. मकरानपाशी अरबी भूपट्ट युरेशियन भूपट्टाखाली सरकतो आहे. दोघांमधला सांधा शतकभर अडकून राहतो आणि वरच्या भूपट्टाची कड खाली ओढली जाते. सांधा सुटला की तीच कड उसळून वर येते. ओरमाऱ्याची जमीन तेव्हा सुमारे दोन मीटर वर उचलली गेली. समुद्राचा तळ असा वर आला की त्यावरचे सगळे पाणी, तळापासून पृष्ठभागापर्यंत, तेवढेच वर उचलले जाते, कारण पाणी दाबून आक्रसत नाही आणि शेकडो किलोमीटर लांबीच्या पट्ट्यातून बाजूला व्हायला त्याला वेळही मिळत नाही. हा उंचवटा मग दोन्हीकडे पसरतो. तीच त्सुनामी. (1945 साली समुद्रतळावरच्या दरडीही कोसळल्या असाव्यात आणि त्यांनी लाटेत भर घातली असावी.)

तळ उभा हलणे हे खरे कारण, नुसती तीव्रता नव्हे. 11 एप्रिल 2012 ला सुमात्राच्या पश्चिमेला 8.6 तीव्रतेचा भूकंप झाला, मकरानपेक्षा कितीतरी मोठा. पण तिथे खडक एकमेकांना आडवे घासले, पाणी फारसे उचललेच गेले नाही, आणि लाट जेमतेम मीटरभराची राहिली.

आता त्या पावणेपाच तासांकडे येऊ. वाऱ्याची लाट वरच्या थरातच खेळते. त्सुनामीत तळापर्यंतचे पाणी हलते, म्हणून तिचा वेग खोलीवर ठरतो. खोलीला 9.8 ने गुणायचे आणि वर्गमूळ काढायचे, म्हणजे दर सेकंदाला किती मीटर ते कळते. अरबी समुद्र तीन हजार मीटर खोल धरला तर वेग येतो ताशी सहाशे किलोमीटरच्या वर. मकरान ते मुंबई अंतर सुमारे बाराशे किलोमीटर. त्यातले खोल पाण्यातले नऊशे किलोमीटर लाटेने दीड तासात कापले असणार. मग उरलेले तीनशे किलोमीटर? मुंबईसमोर समुद्राचा तळ दूरवर उथळ आहे. तिथे सरासरी सत्तर मीटर पाणी धरले तर वेग ताशी जेमतेम नव्वद-पंचाण्णव. म्हणजे आणखी सव्वातीन तास. बेरीज पावणेपाच. हिशेब ढोबळ आहे, तरी नोंदीशी जमतो.

हीच मंदगती लाटेला उंच करते. नागपूर रस्त्यावर संत्र्यांच्या ट्रकांची रांग टोलनाक्याशी येते तेव्हा पुढचे हळू होतात, मागचे अजून वेगात असतात आणि मधले अंतर आटते. लाटेचेही तसेच: पुढचा भाग उथळात रेंगाळतो, मागचा खोल पाण्यातून येऊन त्याच्यावर चढतो. लाटेची ऊर्जा जवळपास तेवढीच राहते, पण ती आखूड जागेत, कमी पाण्यात मावायला हवी. मग पाण्याला वर जाण्याशिवाय वाट उरत नाही. नियम असा की खोली सोळा पट घटली तर उंची दुप्पट होते. तीन हजार मीटर खोलीवरची अर्ध्या मीटरची लाट बारा मीटर पाण्यात आली की सुमारे दोन मीटर होते. तळाचे घर्षण आणि लाटेचे पसरणे यात धरलेले नाही. खाडीचा आकार निमुळता असेल तर आकडा आणखी बदलतो.

खोल समुद्रातल्या कोळ्याला म्हणूनच काही जाणवत नाही. डिसेंबर 2004 मध्ये भूकंपानंतर दोन तासांनी एका उपग्रहाने भर समुद्रात मोजलेली लाट होती जेमतेम साठ सेंटीमीटरची, आणि तीही शेकडो किलोमीटर लांबीवर पसरलेली.

हैदराबादला 2007 पासून त्सुनामी इशारा केंद्र आहे. मकरानला पुन्हा असा भूकंप झाला तर मुंबईला चार तासांहून अधिक अवधी मिळेल. पसनीला मात्र काही मिनिटेच. तिथे पायाखालची जमीन हलली, की तोच इशारा.