खोबरेल, बदाम की आर्गन? केसाच्या काडीवर तेल काय करते



मुलीचे केस तुटू लागले की घरात पहिला प्रश्न निघतो, कोणते तेल आणायचे? आजीचे मत खोबरेलाचे, आईचे बदामाचे, तर कॉलेजात जाणारी मुलगी आर्गनची लहानशी बाटली मागते. या तिन्हींत खरा फरक काय आहे, हे आम्ही येथे सोप्या शब्दांत मांडत आहोत.

केस म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाची काडी. तिच्यावर घरावरील कौलांसारखे एकावर एक खवले असतात. केस भिजला की फुगतो, वाळला की आकसतो. असे वारंवार झाले की खवले उचकटतात. त्यात ओल्या केसांत जोराने फणी फिरवली तर खवले निघतात, आतील प्रथिने झिजतात आणि काडी मध्येच तुटते.

मुंबईच्या मॅरिको कंपनीतील आरती रेले व आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल केसांना लावून किती प्रथिन झिजते ते मोजले. त्यांचा लेख 2003 साली प्रसिद्ध झाला. झीज लक्षणीय कमी केली ती केवळ खोबरेलाने. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. मात्र कारण समजण्याजोगे आहे. खोबरेलात लॉरिक आम्ल सर्वांत जास्त असते. त्याचे रेणू लहान व सरळ असल्यामुळे ते काडीच्या आत शिरतात आणि पाणी कमी शोषले जाते. साहजिकच केस कमी फुगतो.

बदाम व आर्गन या प्रयोगात नव्हते. परंतु दोन्हींत मुख्यतः ओलेइक व लिनोलेइक आम्ले असतात. त्यांचे रेणू मोठे व वाकडे असल्याने ती खोबरेलाइतकी सहज आत जात नाहीत, बरीचशी वरच राहतात. वर राहणेही निरुपयोगी नाही. केसांचे घर्षण कमी होते, गुंता सुटतो, चमक येते. रंगवलेल्या किंवा गरम यंत्राने सरळ केलेल्या रुक्ष केसांना, न्हाल्यानंतर टोकांना आर्गनचे दोन-तीन थेंब पुरतात. आर्गनचे झाड मोरोक्कोचे. तेथील अमाझिग बाया दगडाने एकेक कठीण बी फोडून गर काढतात, म्हणून ते महाग.

बदामाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या तेलाचे लेबल मात्र जरूर वाचावे. घटक उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिले नाव ‘मिनरल ऑइल’ किंवा ‘लिक्विड पॅराफिन’ असेल तर बाटलीत मुख्यतः खनिज तेल आहे आणि बदाम नावापुरता. ते केस मऊ करील, पण आत जाणार नाही.

आता खरी कसोटी पाहू. न्हाण्यापूर्वी विंचरताना खाली पांढरे कापड अंथरावे आणि पडलेले केस निरखावेत. ज्याच्या टोकाला बारीक पांढरी गाठ आहे, तो मुळापासून गळलेला. आखूड, गाठ नसलेला तुकडा म्हणजे तुटलेला. तुकडे जास्त असतील तर तेलाचा उपयोग होईल. आदल्या रात्री चमचाभर, म्हणजे सुमारे 5 मिलि खोबरेल लांबीला व टोकांना लावून सकाळी धुवावे. एका बाजूच्या केसांना लावावे, दुसऱ्या बाजूला नाही. असे चार-पाच वेळा करून दोन्ही बाजूंचे तुकडे मोजावेत. आपल्याच डोक्यावर फरक कळतो.

गाठीचे केस रोज 50 ते 100 पडणे स्वाभाविक आहे. त्याहून पुष्कळ पडू लागले तर कोणतेही तेल कामाचे नाही. रक्तक्षय, थायरॉईड, बाळंतपण किंवा मोठा ताप ही कारणे असू शकतात. आपल्या माता-भगिनींत रक्तक्षय पुष्कळ, तेव्हा बाटलीवर पैसे घालण्याआधी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. कोंडा असेल तर टाळूला तेल चोळू नये. कोंड्यास कारण होणारी बुरशी तेलातील आम्लांवरच वाढते. कपाळावर पुटकुळ्या येत असतील तर तेथेही तेल उतरू देऊ नये.

खर्चाचा हिशेब सरळ आहे. आठवड्यातून दोनदा चमचाभर लावले तर वर्षाला 520 मिलि लागते. म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत एका बाईचे जवळजवळ वर्ष निघते. हिवाळ्यात खोबरेल सुमारे 24 अंशांखाली थिजते, त्यात बिघाड नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवावी. उलट कडाक्याच्या थंडीतही ते पातळच राहिले तर भेसळीची शंका घ्यावी.

तेव्हा शेतात राबणाऱ्या, बोअरच्या पाण्याने लांब केस धुणाऱ्या भगिनीला धुण्यापूर्वीचे खोबरेल पुरे. आर्गन हे रंगवलेल्या, भाजलेल्या केसांसाठी. आणि मुळातून गळणाऱ्या केसांचे उत्तर तेलाच्या दुकानात नाही, दवाखान्यात आहे.