एलिमेंट गेलं की थर्मोस्टॅट?

गीझरमधून गार पाणी येऊ लागलं की घरोघरी एकच निष्कर्ष निघतो, ‘कॉइल गेली.’ मेकॅनिक येतो, एलिमेंट बदलतो, पैसे घेऊन जातो. कधी त्यानं काम होतं, तर कधी आठवडाभरात पुन्हा तेच सुरू होतं, कारण दोष एलिमेंटमध्ये नव्हताच, थर्मोस्टॅटमध्ये होता. दोन्ही बिघाडांत नळाला गारच पाणी येतं, त्यामुळे बाहेरून बघून फरक कळत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर मात्र तो दाखवू शकतो. त्यासाठी चालू विजेला हात लावावा लागत नाही, कारण सगळी मोजणी प्लग काढून ठेवूनच करायची असते.

इथे आपण घरोघरी दिसणारा, पंधरा-पंचवीस लिटरचा, फिरवायचं बटण असलेला साठवणुकीचा गीझर धरला आहे. आकडे दाखवणारा डिस्प्ले असलेल्या गीझरमध्ये मध्ये एक इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. त्याला ही पद्धत जशीच्या तशी लागू होत नाही.

आत काय असतं

गीझरच्या आत वीज एका रांगेत उभ्या असलेल्या तीन गोष्टींमधून जाते. पहिला थर्मोस्टॅट. पाणी ठरवलेल्या तापमानाला पोचलं की तो आपली पट्टी उघडतो आणि वीज तोडतो, पाणी निवलं की पुन्हा जोडतो. दुसरा कटआउट. थर्मोस्टॅटनं काम केलं नाही आणि पाणी धोक्याच्या पातळीपर्यंत तापलं, तर हा वीज तोडतो. पुष्कळ गीझरमध्ये त्यानंतर तो आपोआप जोडला जात नाही, त्याचं छोटं बटण हातानं दाबावं लागतं. तिसरं एलिमेंट. धातूच्या नळीत नायक्रोमची बारीक तार असते आणि तार नळीला टेकू नये म्हणून भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते.

रांगेतली एक कडी तुटली तरी वीज थांबते. म्हणूनच तिन्ही बिघाडांत पाणी सारखंच गार राहतं.

एलिमेंटची तार एक तर अखंड असते किंवा तुटलेली. त्यामुळे ‘थोडं तापतं, पण पुरेसं नाही’ अशी तक्रार असेल, तर एलिमेंटवर संशय घेण्याआधी थर्मोस्टॅट लवकर तुटतोय का आणि घरात व्होल्टेज कमी आहे का, हे बघावं. २३० व्होल्टला २००० वॉट देणारं एलिमेंट १८० व्होल्टला जेमतेम सव्वाबाराशे वॉट देतं. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला पूर्ण ताकदीनं साधारण वीस-बावीस मिनिटं लागतात, कमी व्होल्टेजला अर्ध्या तासाहून जास्त.

लक्षात ठेवायचा एकच आकडा

मोजणीआधी आपल्या गीझरच्या एलिमेंटचा रोध काढून ठेवा. व्होल्टेजचा वर्ग करून त्याला वॉटनं भागायचं. २३० गुणिले २३० म्हणजे ५२,९००. त्याला २००० नं भागलं की उत्तर येतं सुमारे २६ ओहम. गीझर ३००० वॉटचा असेल, तर हाच आकडा साडेसतराच्या आसपास येतो. वॉट गीझरवरच्या पट्टीवर लिहिलेले असतात. मीटरवर यापेक्षा एखाद-दोन ओहम पुढेमागे आलं तरी चालतं.

प्लगवरूनच पहिली तपासणी

एमसीबी बंद करा, भिंतीवरचा स्विच बंद करा आणि प्लग सॉकेटमधून पूर्ण बाहेर काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. तो फक्त फेज तोडतो, आणि घरात कुणी फेज-न्यूट्रल उलटे जोडले असतील, तर स्विच बंद असतानाही आतल्या जोडांत वीज राहते. प्लग कायम तुमच्या नजरेसमोर राहिला पाहिजे. गीझरला प्लगच नसेल, वायर थेट स्विचला जोडलेली असेल, तर हे काम वायरमनवर सोडा. पाणी गरम असेल तर निवेपर्यंत थांबा. जमीन कोरडी करा, पायात रबरी चप्पल असू द्या.

मल्टिमीटरची लाल वायर ‘V Ω’ लिहिलेल्या छिद्रात आणि काळी ‘COM’ मध्ये घाला. लाल वायर चुकून ‘10A’ च्या छिद्रात राहिली, तर ओहमचं वाचन येणार नाही. चकती २०० ओहमवर ठेवा. आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून बघा. ०.२ ते ०.५ असं काही दिसलं तर तो वायरींचाच रोध समजा आणि नंतरच्या प्रत्येक वाचनातून वजा करा. ओहमवर असलेला मीटर चालू विजेला कधीही लावायचा नाही, त्यानं मीटर जळतो आणि हातालाही धोका असतो.

आता गीझरचं बटण कमाल तापमानावर फिरवा आणि प्लगच्या दोन बारीक पिनांना टोकं लावा. मीटरनं सुमारे २६-२७ ओहम दाखवले, तर तिन्ही कड्या जोडलेल्या आहेत. बिघाड गीझरमध्ये नाही, सॉकेट, स्विच किंवा वायरिंगमध्ये शोधायला हवा. मीटरवर ‘OL’ किंवा डाव्या कडेला नुसता ‘1’ आला, तर कुठलीतरी कडी तुटली आहे.

त्यानंतर चकती २० मेगाओहमवर ठेवा आणि एक टोक मोठ्या, म्हणजे अर्थच्या पिनला, दुसरं आळीपाळीनं बारीक पिनांना लावा. हाताची बोटं धातूला लागू देऊ नका, नाहीतर शरीराचाच रोध मोजला जाईल. इथे ‘OL’ यायला हवं. एखादा आकडा आला, तर वीज अर्थकडे झिरपत आहे. बहुतेक वेळा एलिमेंटच्या नळीला चीर पडून आत पाणी गेलेलं असतं. असा गीझर चालू केल्यावर आरसीसीबी पडते. या वाचनानंतर प्लग पुन्हा लावू नये, एलिमेंट बदलावंच लागतं.

झाकण उघडल्यावर

तुटलेली कडी कोणती, ते कळायला झाकण उघडावं लागतं. गीझर वॉरंटीत असेल तर इथे थांबा. नसेल तर प्लग तसाच बाहेर ठेवून खालच्या झाकणाचे स्क्रू काढा आणि वायरींचा फोटो घेऊन ठेवा. टाकीतलं पाणी काढावं लागत नाही, कारण आपण कुठलाही भाग पाण्यातून बाहेर ओढत नाही.

एलिमेंटच्या दोन टोकांपैकी एकाची वायर सोडवा, म्हणजे दिव्याची किंवा दुसऱ्या कशाचीही वाट मध्ये येणार नाही. मग दोन्ही टोकांवर मीटर लावा. २६ ओहमच्या आसपास आकडा आला तर तार शाबूत आहे, ‘OL’ आलं तर एलिमेंट जळलं आहे.

थर्मोस्टॅटच्या दोन जोडांवर थंड असताना शून्याच्या जवळचं वाचन यायला हवं. ‘OL’ आलं, तर तो उघडाच राहिला आहे. दोन-तीन ओहम आले तरी तो बाद समजा. २००० वॉटच्या गीझरमध्ये सुमारे पावणेनऊ अँपिअर प्रवाह वाहतो. मध्ये दोन ओहम असले, तर त्या चिमुकल्या जोडात दीडशे वॉट उष्णता तयार होते. जोडाजवळची काळपट, वितळलेली वायर याचीच खूण असते. कटआउटचीही अशीच मोजणी करा.

एक उदाहरण पूर्ण करून

समजा, पुण्यातल्या एका फ्लॅटमधला पंधरा लिटरचा, २००० वॉटचा गीझर आहे. लाल दिवा लागतो, पाणी गार. चार दिवसांपूर्वी नळातून वाफाळतं पाणी आलं होतं, हे घरच्यांना आठवतं. प्लगच्या बारीक पिनांवर ‘OL’, अर्थकडे ‘OL’. म्हणजे गळती नाही, पण कडी तुटली आहे. झाकण उघडल्यावर एलिमेंटवर २६.८ येतात, वायरींचे ०.३ वजा करता २६.५. एलिमेंट निर्दोष. थर्मोस्टॅटवर ०.४, म्हणजे तोही ठीक वाटतो. कटआउटवर ‘OL’. त्याचं बटण दाबलं, टक आवाज आला आणि वाचन ०.४ झालं.

इथे बरेच जण झाकण लावून मोकळे होतात. पण कटआउट का तुटला, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. थर्मोस्टॅटचा दांडा त्याच्या कोरड्या नळीतून बाहेर काढून, बटण सर्वांत कमी तापमानावर ठेवून, फक्त दांड्याचं टोक पातेल्यातल्या सुमारे ७० अंशांच्या पाण्यात धरायचं. जोड ओले होता कामा नयेत. चांगला थर्मोस्टॅट थोड्या वेळात टक करतो आणि मीटरवर ‘OL’ येतं. या गीझरमध्ये काहीच होत नाही, मीटर ०.४ वरच राहतो. आतले संपर्क वितळून चिकटले आहेत. पाणी तापत राहिलं आणि शेवटी कटआउटनं वीज तोडली, ती याच दोषामुळे. नुसतं बटण दाबून गीझर चालू केला असता, तर पाणी पुन्हा उकळण्याच्या दिशेनं गेलं असतं. इथे बदलायचा आहे थर्मोस्टॅट, तोही त्याच अँपिअरचा आणि त्याच लांबीच्या दांड्याचा. कटआउट वायरी थेट जोडून वगळण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो मुळीच मानू नये.

मीटर काय सांगू शकत नाही

मल्टिमीटर रोध मोजताना जेमतेम काही व्होल्ट वापरतो. त्यामुळे २३० व्होल्टलाच किंवा एलिमेंट तापल्यावरच होणारी गळती त्याला दिसेलच असं नाही. मीटर ‘OL’ म्हणतो आणि तरी आरसीसीबी पडते, अशा वेळी इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरनं तपासून घ्यावं. एलिमेंट प्रत्यक्ष बदलणं हेही त्याचंच काम. त्यासाठी टाकी रिकामी करावी लागते, आणि नंतर गरम नळातून सलग धार येईपर्यंत टाकी भरल्याशिवाय गीझर चालू करता येत नाही. कोरड्या टाकीत नवं एलिमेंट पहिल्याच दिवशी जळतं.

दुरुस्तीनंतर प्लग लावण्याआधी पिनांवरची दोन्ही वाचनं पुन्हा घ्या. बारीक पिनांमध्ये २६-२७, अर्थकडे ‘OL’. आणि मेकॅनिकला बोलवायची वेळ आली, तर फोनवर ‘कॉइल गेली’ असं सांगू नका. कुठे किती ओहम आले तेवढं सांगा, म्हणजे तो योग्य भाग घेऊनच येईल.