वीर्यात रक्त: कच्चा धातू, उष्णता आणि खारं पाणी

मेहकर तालुक्यातला ३२ वर्षांचा एक तरुण डोळ्यांसमोर आणा. माणूस कल्पनेतला आहे, पण त्याच्यावर जे गुदरतं ते नेहमीचंच. चाकणच्या कारखान्यात कामाला, चार महिन्यांनी दिवाळीला घरी आलेला. दुसऱ्या रात्री कंडोम काढताना आतलं वीर्य त्याला विटकरी रंगाचं दिसतं. दुखत काही नाही, लघवी साफ आहे, ताप नाही. बायकोला तो सांगत नाही, डॉक्टरला तर त्याहून नाही. आठवडी बाजारात पाल ठोकून बसलेल्या जडीबुटीवाल्यासमोर मात्र तोंड उघडतो. तो नाडी धरून सांगतो, "चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब धातू होतो. तुझं रक्त शिजायच्या आतच बाहेर पडून राहिलं. कच्चा धातू आहे हा."

हे वाक्य ऐकायला पटतं, म्हणूनच त्यावर बाटल्या खपतात. गंमत म्हणजे ज्या आयुर्वेदाच्या नावावर ते खपतं, तिथेही असं लिहिलेलं नाही. सात धातूंचा क्रम रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शेवटी शुक्र असा आहे. रक्त आणि शुक्र यांच्यात चार पायऱ्या आहेत. रक्त आटवून थेट वीर्य करण्याचा हिशेब बाजारातला आहे.

शरीरात काय घडतं ते पाहू. वीर्य म्हणजे लाळेसारखा ग्रंथींचा पाझर. एका वेळी साधारण दोन ते पाच मिलिलिटर, म्हणजे फार तर चहाचा एक चमचा. अंडकोषातून येणाऱ्या शुक्रजंतूंचा त्यातला वाटा शेकडा पाचाच्या आसपास असतो. दोन तृतीयांश द्रव मूत्राशयाच्या मागे जोडीने असलेल्या वीर्यकोशांतून येतो आणि उरलेला बहुतेक प्रोस्टेटमधून. या ग्रंथींच्या अस्तरात नाकाच्या आतल्यासारख्याच नाजूक रक्तवाहिन्या असतात. वीर्यपतनाच्या वेळी ग्रंथी जोरात आवळल्या जातात आणि एखादी बारीक वाहिनी फुटते. घोळणा फुटावा तसंच. चमचाभर द्रवात रक्ताचे एकदोन थेंब पडले, तरी सगळा द्रव रंगतो आणि बघणाऱ्याला वाटतं, रक्ताची धारच लागली.

बऱ्याच महिन्यांच्या खंडानंतर, किंवा उलट थोड्या काळात फार वेळा संबंध किंवा हस्तमैथुन झाल्यावर असं दिसू शकतं. हस्तमैथुनाने रक्त 'कमी होतं' म्हणून नव्हे. ताणामुळे वाहिनी फुटते, एवढाच त्याचा अर्थ. चाळिशीच्या आतल्या बहुतेकांत एकतर काहीच कारण सापडत नाही, किंवा किरकोळ सूज नाहीतर जंतुसंसर्ग निघतो.

रंगाकडे नीट बघायला हवं. लालभडक म्हणजे ताजं रक्त, विटकरी किंवा तपकिरी म्हणजे जुनं. वीर्यकोश एका दमात रिकामा होत नाही. म्हणून वाहिनी केव्हाच मिटलेली असली, तरी साचलेलं रक्त पुढच्या कित्येक वेळा थोडंथोडं बाहेर पडत राहतं. आधी लाल, मग विटकरी, मग कोऱ्या चहासारखा आणि मग पिवळसर असा रंग उतरत गेला, तर ते बरं होण्याचं चिन्ह आहे. लोक नेमके याच दिवसांत घाबरतात की अजून थांबत कसं नाही. बाटलीवाल्याचं यशही याच दिवसांतलं: बाटली संपते तेव्हा रंगही संपलेला असतो.

आपल्याकडे दुसरं ठरलेलं उत्तर म्हणजे उष्णता. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा नाकातून रक्त येतं, लघवीला जळजळ होते, म्हणून हेही त्यातलंच असं मानून सब्जा आणि धन्या-जिऱ्याचं पाणी सुरू होतं. पाणी प्यायल्याने नुकसान काहीच नाही. पण वीर्यातल्या रक्ताचा शरीराच्या उष्णतेशी संबंध नाही. तपासणी मात्र महिना-दोन महिने पुढे ढकलली जाते.

तिसरं उत्तर खास पूर्णेच्या खोऱ्यातलं. संग्रामपूर, जळगाव जामोद या खारपाण पट्ट्यात किडनीच्या आजाराने घरंच्या घरं पोळली आहेत, त्यामुळे कमरेखालचं काहीही झालं की बोट खाऱ्या पाण्याकडे जातं. तिथल्या पाण्याची तक्रार खरी आहे. पण किडनीतून रक्त आलं तर ते लघवीत उतरेल. वीर्यकोशात जायला त्याला वाट नाही. फरक घरीही कळतो. दिवसभराची लघवी पांढऱ्या भांड्यात धरून बघा. लघवी नेहमी स्वच्छ आणि फक्त वीर्य रंगलेलं असेल, तर रक्त वीर्यकोश, प्रोस्टेट किंवा मूत्रमार्गाच्या आसपासचं आहे. लघवीही लाल असेल तर प्रश्न वेगळा आणि जास्त तातडीचा. तिथे वय न बघता लगेच तपासायचं.

त्याआधी आणखी एक साधा प्रश्न असतो, जो विचारायला डॉक्टरही कधीकधी विसरतात: रक्त नक्की कोणाचं? चादरीवरच्या डागावरून ते कळत नाही. कंडोम वापरून बघितलं तर कळतं. आतलं वीर्य रंगीत असेल तर रक्त पुरुषाचं. आत स्वच्छ आणि बाहेरून लाल असेल तर बायकोचं, आणि मग तपासणी तिची व्हायला हवी. पाळी नसताना संबंधानंतर रक्त जाणं हे गर्भाशयाच्या मुखाच्या आजाराचं, कधी कर्करोगाचंही लक्षण असतं. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची ॲसिटिक ॲसिड लावून तपासणी होते, पण असं रक्त दिसलं तर वयाची वाट बघू नये. नवरा 'धातू' घट्ट करायची पावडर खातोय आणि आजार बायकोला आहे, असंही होऊ शकतं.

काही कारणं आधीपासून माहीत असतात, फक्त कोणी सांगितलेली नसतात. पुरुष नसबंदीनंतर काही दिवस वीर्यात रक्त दिसू शकतं. प्रोस्टेटचा तुकडा सुईने तपासायला काढला असेल, तर कित्येक आठवडे दिसतं. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेलसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तरीही. गोळी मात्र मनाने बंद करू नये. वीर्यातल्या रक्तापेक्षा बुजलेली धमनी कितीतरी वाईट. खूप वाढलेला रक्तदाब हेही एक कारण आहे, आणि तो मोजायला पाच मिनिटं लागतात.

आता चुकतं कुठे ते बघू. समजा तसाच दुसरा तरुण आहे, पण त्याचं रक्त तीन महिन्यांत तिसऱ्यांदा आलंय. रात्री लघवीला चारदा उठावं लागतं. लघवीच्या रिपोर्टात पू पेशी आहेत, पण जंतू वाढवून बघितले तर काहीच उगवत नाही. त्याला लिव्होफ्लॉक्सासिन दिलं जातं. दहा दिवसांत बरं वाटतं, महिन्याने पुन्हा तेच. पुन्हा तीच गोळी. मग कोणीतरी त्याला नीट तपासतं आणि अंडकोषाच्या मागे न दुखणारी कडक गाठ हाताला लागते. शुक्रवाहिनी माळेत मणी ओवल्यासारखी लागते. हे क्षयाचं चित्र आहे.

क्षय म्हणजे खोकला, अशी आपली समजूत. पण तो किडनी, प्रोस्टेट, वीर्यकोश इथेही बसतो आणि छातीचा एक्स-रे तेव्हा स्वच्छ असू शकतो. पू आहे पण जंतू नाही हा रिपोर्ट 'नॉर्मल' समजून फाईलला लावला जातो, कारण क्षयाचा जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये उगवतच नाही. त्यात लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या गोळ्या क्षयाच्या जंतूलाही थोडं दाबतात. म्हणून तात्पुरतं बरं वाटतं, निदान मात्र लांबतं. अशा वेळी लागोपाठ निदान तीन दिवस पहाटेची पहिली लघवी क्षयाच्या तपासणीला द्यावी लागते, सीबीनॅट यंत्रावरही ती बघता येते. एक रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून विषय संपत नाही. क्षय निघाला तर सरकारी औषध फुकट मिळतं, साधारण सहा महिने घ्यावं लागतं, आणि आहारासाठी महिना १,००० रुपये खात्यात येतात. उशीर झाला तर शुक्रवाहिनी बुजून मूल होणं अडतं, किंवा किडनीची नळी आवळून किडनीच जाते.

लघवीला जळजळ, शिस्नातून पू, नव्या जोडीदाराशी संबंध अशी गोष्ट असेल तर गुप्तरोगाची तपासणी लागते. त्यासाठी सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतात. रक्तामुळे बायकोला किंवा होणाऱ्या बाळाला काही होत नाही, पण संसर्ग असेल तर तो जातो. म्हणून कारण कळेपर्यंत कंडोम वापरायचा.

आणि वय. 'वीर्यात रक्त म्हणजे कॅन्सर' हा गैरसमज तिशीतल्या माणसाची झोप उडवतो, आणि 'उतारवयात असं होतंच' हा गैरसमज साठीतल्याला घरी बसवतो. दुसरा जास्त महागात पडतो. अशा रुग्णांवरच्या एका आढाव्यात ९३१ जणांपैकी ३३ जणांना कर्करोग निघाला, त्यातले २५ प्रोस्टेटचे. अमेरिकेतल्या दुसऱ्या अभ्यासात प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या चाचणीला आलेल्या २६,१२६ पुरुषांपैकी १३९ जणांच्या वीर्यात रक्त होतं, आणि त्यांतल्या १९ जणांना हा कर्करोग सापडला. म्हणजे सातांत जवळपास एक. हे मुळात चाचणीलाच आलेले, वयाने मोठे पुरुष होते, त्यामुळे तो आकडा तरुणाला लावायचा नाही. पण चाळिशी ओलांडली असेल, किंवा वडिलांना अथवा भावाला प्रोस्टेटचा कर्करोग झाला असेल, तर एकदाच रक्त दिसलं तरी तपासणी करायची.

त्यात पीएसए ही रक्ताची चाचणी आणि गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट चाचपणं, दोन्ही येतात. दुसऱ्याला लोक लाजून नाही म्हणतात; ते मिनिटभराचं काम आहे, आणि पीएसए ठीक असतानाही कधी बोटाला गाठ लागते. पीएसए करायच्या आधीचे दोन दिवस वीर्यपतन टाळायचं. लघवीत संसर्ग असेल तर तो बरा होऊन काही आठवडे जाऊ द्यायचे, नाहीतर आकडा खोटा वाढलेला येतो आणि घरात विनाकारण रडारड होते. शंका उरली तर पुढे सोनोग्राफी किंवा एमआरआय, पण ते मूत्ररोगतज्ज्ञ ठरवतील.

मेहकरच्या आपल्या तरुणाला यातलं फारसं काही लागत नाही. ग्रामीण रुग्णालयात त्याचा रक्तदाब बघतात, अंडकोष तपासतात, लघवी तपासायला घेतात. तिन्ही ठीक. डॉक्टर त्याला गोळी लिहून देत नाहीत, याचं त्याला थोडं वाईटच वाटतं. "महिनाभराने रंग उतरला नाही, पुन्हा आलं, ताप आला, गाठ लागली किंवा लघवी लाल झाली, तर बुलढाण्याला जिल्हा रुग्णालयात दाखव. चाकणला गेलास तर तिथे दाखव, पण दाखव." तो मोबाइलमध्ये तारखा लिहून ठेवतो: कधी दिसलं, रंग कसा. तिसऱ्या नोंदीपुढे 'चहा' लिहिलेलं आहे, पाचवीपुढे 'नाही'.