प्रमाणपत्रं किती, नोकऱ्या किती?

कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली सीएसआरचा पैसा वाटणाऱ्या प्रमुखाकडे प्रशिक्षण संस्था जाते, तेव्हा पहिल्याच पानावर असतं: ‘120 मुली प्रशिक्षित’. जोडीला गटाचा हसरा फोटो! पण मुरलेला प्रमुख विचारतो, सहा महिन्यांनी कामावर किती?

समजा, 12 लाख खर्चून 120 जणी शिकल्या. दरडोई 10,000, स्वस्तच. त्यांतल्या 70 कामाला लागल्या, सहा महिन्यांनी 40 टिकल्या. म्हणजे टिकलेली एक नोकरी 30,000 रुपयांना पडली. प्रस्तावात हाच आकडा हवा, सोबत पासबुकातल्या पगाराच्या नोंदी. नियुक्तीपत्रावर भागत नाही. ते घेऊन रुजूच न होणाऱ्याही असतात. गळालेल्या 30 जणींची कारणंही लिहावीत: रात्रपाळी, बसभाडं, लग्न.